सेतू केंद्र चालकांनो, परदेशी नोकरीचं पत्र छापण्याआधी मूळ मेल उघडा

प्रति,
यवतमाळ जिल्ह्यातील आपले सरकार सेवा केंद्र, सीएससी, झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्मची दुकानं चालवणारे सर्व बंधू-भगिनी

सप्रेम नमस्कार.

मी आयटीआयमध्ये वेल्डर ट्रेडचा शिल्पनिदेशक आहे. प्लेसमेंटचं कामही माझ्याकडेच असतं. त्यामुळे दुबई, कतार, सौदी, कॅनडा असं लिहिलेली पत्रं घेऊन आमची जुनी पोरं माझ्याकडे येतात. पण माझ्याआधी ती तुमच्याकडे येऊन गेलेली असतात. मेलवर आलेलं पत्र तुमच्या प्रिंटरवर निघतं, पासपोर्ट तुमच्या स्कॅनरवर स्कॅन होतो आणि बहुतेक वेळा पैसेही तुमच्याच काउंटरवरून जातात. घरात कोणाला इंग्रजी धड वाचता येत नाही, ठाणं तालुक्याला, आणि मुंबईचं ऑफिस तर गावातल्या कोणी पाहिलेलंही नाही. अशा घरात आलेलं ते पत्र समजून-उमजून वाचणारा पहिला माणूस तुम्हीच असता. म्हणून हे पत्र पोलिसांना किंवा कलेक्टर साहेबांना न लिहिता तुम्हाला लिहितो आहे.

मागणी एवढीच आहे, की परदेशी नोकरीच्या ऑफर लेटरचा प्रिंट काढायच्या आधी पाच मिनिटं द्या आणि तो मेल तुमच्या कॉम्प्युटरवर उघडा. पाच मिनिटांत नेमकं काय पाहायचं, ते एका खऱ्या प्रकरणावरून सांगतो. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण तिचा यात काही दोष नव्हता, तिच्या नावाचा वापर झाला होता.

आमच्याकडून वेल्डर करून गेलेला एक पोरगा सोयाबीन निघाल्यानंतरच्या दिवसांत काकाला घेऊन आला. हातात तीन पानी रंगीत प्रिंट. वर अबुधाबीच्या एका मोठ्या बांधकाम कंपनीचा लोगो, खाली शिक्का आणि सही. पगार महिना १,८०० अमेरिकी डॉलर, राहणं-खाणं फुकट, वर्षाला एक विमानाचं तिकीट. पोरानं आधीच २,५०० रुपये 'रजिस्ट्रेशन' म्हणून पाठवले होते. आता व्हिसा प्रोसेसिंगचे १८,६०० पाठवायचे होते आणि काकानं त्यासाठी कापूस विकून आलेल्या पैशातून रक्कम बाजूला काढून ठेवली होती. पुढच्या मेलमध्ये ४२,००० रुपयांच्या 'परत मिळणाऱ्या डिपॉझिट'चाही उल्लेख होता.

"सर, कंपनी तं खरी हाये. म्या गूगलवर पाह्यली," पोरगा म्हणाला.

कंपनी खरीच होती. फसवणारे आजकाल खोटी कंपनी काढत बसत नाहीत, चांगली चालणारी कंपनी निवडतात आणि तिचं नाव लावतात. त्यामुळे 'अशी कंपनी आहे का' या प्रश्नाचं उत्तर 'आहे' असंच येतं आणि माणूस निर्धास्त होतो. विचारायला हवा तो प्रश्न वेगळा आहे: हे पत्र त्याच कंपनीनं पाठवलंय का?

मी आधी पत्रातलं काम वाचलं, कारण ते माझं क्षेत्र आहे. पदाचं नाव होतं 'वेल्डर / जनरल वर्कर'. कोणत्या प्रोसेसचं वेल्डिंग, प्लेट की पाइप, कोणती पोझिशन, मटेरियल कोणतं, यातलं एक अक्षर नव्हतं. ट्रेड टेस्टचा उल्लेखच नव्हता, उलट 'तुमचा बायोडाटा पाहून थेट निवड झाली आहे' असं लिहिलं होतं. बंधूंनो, वेल्डर न पाहता घेणारी कंपनी मला आजवर भेटलेली नाही. पाइपलाइनवर जाणाऱ्या वेल्डरला आधी ५जी किंवा ६जी पोझिशनमध्ये जोड मारून दाखवावा लागतो, त्या जोडाचा एक्स-रे काढतात किंवा तो वाकवून पाहतात आणि मगच पगाराची बोलणी होतात. हेच इलेक्ट्रिशियनला, फिटरला, जेसीबी चालवणाऱ्यालाही लागू आहे. हाताच्या कामाला हात न पाहता निवड झाली म्हणत असतील, तर पुढचं पत्र वाचायची घाई करू नका.

दुसरी गोष्ट, पगार डॉलरमध्ये का? अमिरातीतली कंपनी सहसा दिरहममध्ये पगार देते आणि करारातही दिरहमच लिहिते. डॉलरचा आकडा फक्त आपल्या डोळ्यांसाठी असतो.

एवढं झाल्यावर मी त्याला म्हटलं, प्रिंट ठेव बाजूला, मूळ मेल दाखव. इथून पुढचं काम तुमच्या उपयोगाचं आहे. व्हॉट्सअॅपवर फॉरवर्ड झालेली पीडीएफ किंवा स्क्रीनशॉट यावर काहीच तपासता येत नाही. पोराला त्याचा जीमेल तुमच्या कॉम्प्युटरवर उघडायला सांगा, पासवर्ड त्याचा त्यानंच टाकायचा आणि काम झालं की लॉगआउटही त्यानंच करायचं. मोबाइलच्या जीमेल अॅपमध्ये मेलचा पूर्ण तपशील दिसत नाही, कॉम्प्युटरवर दिसतो. मेलच्या उजव्या बाजूला तीन ठिपके असतात, त्यावर क्लिक करून `Show original` निवडायचं. त्या पोराच्या मेलमध्ये हे दिसलं (कंपनीच्या नावाच्या जागी मी xxxx टाकलं आहे):

```
From: HR Department <hr@xxxx-uae-careers.com>
Reply-To: xxxx.hrdesk@gmail.com
SPF:   PASS
DKIM:  PASS
DMARC: PASS
```

पहिली ओळ बघा. `HR Department` हे नुसतं नाव आहे आणि पाठवणारा तिथे वाटेल ते लिहू शकतो. खरा पत्ता `@` च्या पुढचा. तो उजवीकडून डावीकडे वाचायचा. शेवटी `.com`, त्याच्या आधी `xxxx-uae-careers`. म्हणजे डोमेन झालं `xxxx-uae-careers.com`. कंपनीची खरी वेबसाइट मात्र `xxxx.ae` या डोमेनवर होती. मध्ये आडवी रेघ देऊन कंपनीचं नाव कोणीही घुसवू शकतो, ते डोमेन हजार-पंधराशे रुपयांत कोणालाही विकत मिळतं. कधी कधी `xxxx.ae.jobs-desk.com` असंही येतं. तिथे `xxxx.ae` दिसलं म्हणून फसू नका. त्या पत्त्याचा मालक शेवटचा तुकडा, म्हणजे `jobs-desk.com` आहे.

दुसरी ओळ `Reply-To`. पोरगा जेव्हा उत्तर पाठवत होता तेव्हा ते कंपनीच्या नावाच्या पत्त्यावर जातच नव्हतं, ते एका फुकटच्या जीमेल खात्यावर जात होतं. हजारो कामगार असलेली कंपनी आपला पत्रव्यवहार जीमेलवर करत नाही.

आता त्या तीन `PASS` बद्दल जरा थांबून सांगतो, कारण कॉम्प्युटर जाणणारी माणसं नेमकी इथे घसरतात. तुमच्यातल्याच एका दादांनी मला सांगितलं होतं, "सर, तिन्ही पास आहे, म्हणजे मेल ओरिजनल आहे." या तिन्ही तपासण्यांतून एवढंच कळतं, की मेल ज्या डोमेनचं नाव सांगतो, त्याच डोमेनच्या परवानगीनं तो निघाला आहे. ते डोमेन कंपनीचं आहे की चोराचं, हे त्या तपासणीला माहीत नसतं. चोरानं स्वतःचं डोमेन विकत घेऊन नीट बसवलं की त्यालाही तिन्ही `PASS` मिळतात. म्हणून याचा उपयोग एकाच बाजूनं होतो. पत्ता कंपनीच्या खऱ्या डोमेनचा दिसतो आहे आणि तरी `DMARC: FAIL` आलं आहे, तर कोणीतरी कंपनीचा पत्ता वरून चिकटवला असण्याची दाट शक्यता आहे. `PASS` आलं तर त्यावरून अजून काहीच सिद्ध झालेलं नाही, पुढे तपासायचं.

पुढे तपासायचं म्हणजे डोमेनचं वय पाहायचं. `lookup.icann.org` या साइटवर जाऊन `.com` वालं डोमेन टाकलं की ते कधी नोंदवलं, ती तारीख `Created` समोर येते. आमच्या प्रकरणातलं डोमेन मेल येण्याच्या जेमतेम पाच आठवडे आधी नोंदवलेलं होतं, आणि पत्राच्या खाली मात्र कंपनी कित्येक वर्षं जुनी असल्याचं छापलं होतं. डोमेन जुनं निघालं म्हणून मात्र खात्री धरू नका, जुनी डोमेनही विकत मिळतात.

त्या डोमेनवर वेबसाइटही होती आणि ती पाहून पोराचा काका म्हणाला, "मंग हे का खोटं हाये का? एवढे फोटो हायेत." फोटो खऱ्या कंपनीच्याच साइटवरून उचलले होते. दोन्ही साइट शेजारी-शेजारी उघडल्या तेव्हा 'आमच्याबद्दल' सारखंच, प्रकल्प सारखेच, फक्त संपर्काचं पान वेगळं. फोन नंबर आणि मेल बदललेले. त्यामुळे पत्रातल्या नंबरवर फोन करून खात्री करणं म्हणजे चोरालाच विचारणं. पत्रातला कोणताच नंबर, कोणतीच लिंक वापरायची नाही. कंपनीची खरी साइट स्वतः शोधायची आणि तिथल्या नंबरवर किंवा मेलवर दोन ओळी लिहायच्या: अमुक नावाचं, अमुक तारखेचं, अमुक रेफरन्स नंबरचं ऑफर लेटर तुम्ही दिलं आहे का? सोबत पत्राची प्रत जोडायची, पण पासपोर्ट नाही. आम्ही तसंच केलं. चार दिवसांनी कंपनीचं उत्तर आलं, की हे पत्र आमचं नाही आणि आम्ही उमेदवाराकडून कधीच पैसे घेत नाही. चार दिवस थांबणं पोराला जड गेलं, कारण तिकडून रोज 'आज पैसे भरा नाहीतर जागा जाईल' असे मेसेज येत होते. पण खरी नोकरी चार दिवसांनी कुठे पळून जात नाही.

अमिरातीच्या बाबतीत आणखी एक सोय आहे. तिथल्या मनुष्यबळ मंत्रालयाचं, म्हणजे मोहरेचं, स्वतःचं ठरलेलं ऑफर लेटर असतं. कंपनी कामगाराला घेते तेव्हा ते मंत्रालयाच्या प्रणालीतून निघतं, त्यावर नंबर असतो आणि ते अरबी-इंग्रजीबरोबर हिंदीतही देता येतं. पुढे होणारा करार त्याच्याशी जुळावा लागतो. तेव्हा अमिरातीतल्या साध्या कंपनी-लेटरहेडवरच्या पत्राला शेवटचं पत्र समजू नका. मोहरेचं ऑफर लेटर मागा आणि त्याचा नंबर `mohre.gov.ae` वर तपासा. देणारा टाळाटाळ करू लागला की काय ते समजा.

याच्याच जोडीला व्हिसाचं. कामाच्या व्हिसाची प्रक्रिया तिकडची कंपनी तिकडच्या सरकारकडे करते आणि तिथल्या कायद्यानं भरतीचा खर्च कामगारावर टाकता येत नाही. मग 'व्हिसा प्रोसेसिंग', 'एम्बसी स्टॅम्पिंग', 'लेबर कार्ड' या नावानं गावातल्या पोराकडून १८,६०० रुपये कशाचे? त्या पैशांसाठी दिलेलं खातंही एका व्यक्तीच्या नावाचं होतं, दुसऱ्याच राज्यातलं. परदेशी कंपनी आपली फी उत्तर भारतातल्या कोणा माणसाच्या बचत खात्यावर यूपीआयनं का घेईल, एवढा एक प्रश्न काउंटरवर विचारला तरी पुष्कळ पैसे वाचतील. कॅनडाचंही तसंच आहे. तिथे बाहेरचा कामगार आणायला कंपनीला जी एलएमआयए लागते, तिची १,००० कॅनेडियन डॉलरची फी कंपनीनंच भरायची असते आणि ती कामगाराकडून वसूल करायला मनाई आहे. त्यामुळे 'एलएमआयएचे पैसे पाठवा' हे वाक्य आलं की तिथेच थांबायचं.

इथे कोणी मला विचारेल, की मग एजंट पैसे घेतात ते सगळे बेकायदा का? नाही, आणि हा फरक नीट समजून घ्या. आपल्याकडे १९८३ चा उत्प्रवासन कायदा आहे. परदेशी नोकरीसाठी माणसं भरती करणाऱ्या एजंटला परराष्ट्र मंत्रालयाकडे नोंदणी करावी लागते. नोंदणी असलेला एजंट सेवा शुल्क म्हणून जास्तीत जास्त ३०,००० रुपये आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे एकूण ३५,४०० रुपये घेऊ शकतो, आणि पावती देणं त्याला बंधनकारक आहे. त्याच्यावर एक रुपया मागितला किंवा पावती दिली नाही, तर तो नोंदणीकृत असला तरी कायदा मोडतो आहे.

नोंदणी तपासायची जागा `emigrate.gov.in`. तिथे नोंदणीकृत भरती एजंटांची यादी आहे आणि नोंदणी चालू आहे, निलंबित आहे की संपली आहे, हेही दिसतं. पण नुसता लायसन्स नंबर जुळला म्हणून मान डोलावू नका. फसवणारे दुसऱ्याच्या खऱ्या लायसन्सचा नंबर आपल्या पत्रावर छापतात. त्यामुळे नंबरसोबत फर्मचं नाव, पत्ता आणि फोन असे चारही जुळायला हवेत, आणि फोन करायचा तो यादीतल्या नंबरवर, पत्रातल्या नंबरवर नाही. 'हा माणूस तुमच्यासाठी भरती करतो का, ही डिमांड तुमच्याकडे आहे का', असं थेट विचारायचं.

ज्यांचा पासपोर्ट ईसीआर आहे त्यांच्यासाठी ही बाब आणखी मोठी आहे. वेल्डर ट्रेडला आठवी पास झालेली पोरं प्रवेश घेतात, ट्रेड एक वर्षाचा असतो. दहावी न झालेल्या अशा पोराच्या पासपोर्टवर सहसा 'एमिग्रेशन चेक रिक्वायर्ड' असं येतं. तो अमिराती, सौदी, कतार, कुवेत, ओमान, बहारीन, मलेशिया अशा १८ देशांत कामाला जाणार असेल, तर त्याला प्रोटेक्टर ऑफ एमिग्रंट्स यांची परवानगी लागते. महाराष्ट्रासाठी ते कार्यालय मुंबईत आहे आणि अर्ज ई-मायग्रेटवरूनच होतो. या वाटेनं जाताना तिकडच्या मालकाची नोंद, कराराची प्रत, पगार हे सगळं सरकारदरबारी येतं आणि प्रवासी भारतीय विमाही काढावा लागतो. दोन वर्षांसाठी २७५ रुपये, तीन वर्षांसाठी ३७५ रुपये भरून १० लाखांचं संरक्षण. फसवणाऱ्याला ही वाट परवडत नाही. म्हणून त्याचं ठरलेलं वाक्य असतं, "सध्या व्हिजिट व्हिसावर जा, तिथे गेल्यावर बदलून देतो." असं सांगणाऱ्याच्या नादी लागलेला पोरगा विमानतळावर अडतो, आणि सुटून गेलाच तर परक्या देशात कामाच्या परवान्याशिवाय उभा असतो. पगार बुडाला तर दाखवायला करार नाही, हात तुटला तर विमा नाही. पोराच्या पासपोर्टवर ईसीआर आहे का, हे तुम्ही स्कॅन करता तेव्हा तुम्हाला दिसतंच. दिसलं की त्याला तेवढं सांगा.

आता एक सावधगिरी, आणि ती फी मागण्यावरच लक्ष ठेवणाऱ्यांसाठी आहे. पैसे मागत नाहीत म्हणजे नोकरी खरी, असं मुळीच नाही. परराष्ट्र मंत्रालयानं सप्टेंबर २०२२ मध्ये इशारा दिला होता, की थायलंडमध्ये 'डिजिटल सेल्स अँड मार्केटिंग एक्झिक्युटिव्ह' अशा पदांच्या खोट्या ऑफर देऊन तरुणांना बेकायदा सीमेपार, बहुतेक म्यानमारमध्ये नेलं जातं आणि तिथे डांबून त्यांच्याकडून ऑनलाइन फसवणुकीची कामं करून घेतली जातात. कंबोडिया आणि लाओसमध्येही तसं घडलं आहे. अशा टोळ्यांना उमेदवाराच्या पाच-पन्नास हजारांत रस नसतो, त्यांना माणूसच हवा असतो, म्हणून तिकीटसुद्धा तेच काढून देतात. आपल्याकडची बी.कॉम., बी.सी.ए. झालेली, एमएससीआयटी केलेली, टायपिंग येणारी पोरं-पोरी या ऑफरच्या टप्प्यात येतात. काम डेटा एंट्रीचं, पगार सहा आकडी, मुलाखत व्हॉट्सअॅपवर दहा मिनिटांची, आणि व्हिसा तिथे उतरल्यावर घ्यायचा, असं एकत्र दिसलं तर त्या घरच्या माणसांना बसवून समजावा. व्हिजिट व्हिसावर किंवा उतरल्यावर मिळणाऱ्या व्हिसावर नोकरी करता येत नाही, हे त्यांना स्पष्ट सांगा.

स्वतःला ठरवता येत नसेल तर विचारायला जागा आहे. प्रवासी भारतीय सहायता केंद्राचा टोल-फ्री नंबर १८००-११-३०९० आहे. ज्या देशातली ऑफर आहे, तिथल्या भारतीय दूतावासाच्या वेबसाइटवरही कामगारांच्या प्रश्नांसाठी मेल पत्ता दिलेला असतो. दूतावासाला पत्राची प्रत पाठवून विचारलं तर उत्तर यायला वेळ लागू शकतो, पण ते उत्तर त्या गावी बसलेल्या माणसाचं असतं.

आणि पैसे गेलेच असतील तर? त्या पोराचे २,५०० आधीच गेले होते. आम्ही सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनला फोन केला, पण तोवर बरेच दिवस उलटून गेले होते आणि ते खातं रिकामं झालं होतं. तासा-दोन तासांत फोन झाला तर बँकेला रक्कम पुढे सरकण्याआधी गोठवता येण्याची शक्यता असते, म्हणून 'उद्या ठाण्यात जाऊन येतो' असं म्हणत बसायचं नाही. फोन करताना व्यवहाराचा यूटीआर नंबर, रक्कम, वेळ आणि ज्या खात्यात पैसे गेले त्याचा तपशील हाताशी ठेवा, नंतर `cybercrime.gov.in` वर लेखी तक्रार नोंदवा. पोरं रागाच्या भरात किंवा लाजेखातर तो मेल आणि सगळं चॅट डिलीट करून टाकतात. तसं करू देऊ नका. `Show original` च्या पानावर `Download Original` असं बटण असतं, त्यानं मेल जसाच्या तसा, आतल्या सगळ्या तपशिलासकट फाइलमध्ये उतरतो. तपासाला ती फाइल लागते, स्क्रीनशॉटमध्ये तो तपशील नसतो. फाइल पोराच्या पेन ड्राइव्हवर टाकून द्या.

आता जे लिहिणार आहे ते काहींना लागेल, पण लिहिल्याशिवाय राहवत नाही. आपल्यातल्या काही केंद्रांवर परदेशी भरतीच्या जाहिराती लागतात, पोरांची नावं-नंबर पुढे पाठवले जातात आणि माणशी कमिशन मिळतं. देणाऱ्यानं तुम्हाला 'मी लायसन्सवाल्याचा माणूस आहे' असं सांगितलेलं असतं. तुम्ही त्याची खात्री केलेली नसते. नोंदणीकृत एजंटलाही गावोगाव सब-एजंट नेमायची मुभा नाही, आणि नोंदणीशिवाय भरतीचं काम करणाऱ्याला त्या १९८३ च्या कायद्यात दोन वर्षांपर्यंत कैदेची शिक्षा आहे. पोराचे पैसे बुडाले की तो मेल पाठवणारा सापडत नाही, दुकानाचा बोर्ड मात्र तिथेच असतो आणि गाव तिथेच येऊन उभं राहतं. तुमच्यातले बहुतेक जण रात्री लाइट गेली तरी पीक विम्याचे फॉर्म भरत बसणारी माणसं आहेत, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. त्या विश्वासावर कोणी परका माणूस धंदा करून जातो, याचं मला मनापासून वाईट वाटतं. अशी जाहिरात काउंटरवर असेल तर आजच काढा.

याच्या बदल्यात आमच्याकडून काय, हेही सांगतो. आयटीआयच्या प्लेसमेंट कक्षात परदेशी ऑफर तपासायला कोणीही यावं, तो आमचा विद्यार्थी असलाच पाहिजे असं नाही, आणि याला एक पैसा लागत नाही. येताना प्रिंट आणू नका, मूळ मेल उघडता येईल असा फोन किंवा पासवर्ड आठवणीत असलेला माणूस आणा. तुम्हाला मेल तपासायची रीत प्रत्यक्ष करून पाहायची असेल, तर केंद्र चालकांच्या तालुका बैठकीत मी येऊन दाखवायला तयार आहे, बैठकीची तारीख आयटीआयच्या कार्यालयात कळवा. प्रोजेक्टर लागणार नाही, एक कॉम्प्युटर आणि नेट पुरेल.

तो पोरगा सध्या चंद्रपूरकडे एका फॅब्रिकेशन शॉपमध्ये आहे आणि पाइप वेल्डिंगचा हात बसवतो आहे. त्याला बाहेर जायचंच आहे आणि त्यानं जावं असं मलाही वाटतं. पुढच्या ऑफरसाठी त्यानं ई-मायग्रेटच्या यादीतल्या दोन एजंटांची नावं काढून ठेवली आहेत आणि दोघांनाही पहिला प्रश्न ट्रेड टेस्ट कुठे होणार हाच विचारला आहे.

आपला,
एक शिल्पनिदेशक, वेल्डर ट्रेड
जि. यवतमाळ